नऊ महिने पूर्ण होऊ द्या, मग आणा

बहिणीची मुलगी साडेसात महिन्यांची होती, गणपतीला गावी जायचं होतं आणि बहिणीला वाटत होतं की जाण्याआधी गोवराची लस उरकून घ्यावी म्हणजे डोक्याला ताप नको. लसीकरणाच्या दिवशी सिस्टरनी कार्ड बघितलं, तारीख मोजली आणि म्हणाल्या, "ताई, नऊ महिने पूर्ण होऊ द्या, मग आणा." बहीण वैतागली, कारण याच पोरीला दीड महिन्याची असताना पेंटाव्हॅलेंट दिली होती, तेव्हा तर ती केवढीशी होती, मग आता काय अडचण?

अडचण आईच्या अँटिबॉडीजची असते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातल्या तयार अँटिबॉडीज वारेतून बाळाकडे जातात. बाळ त्या स्वतः बनवत नाही, उसन्या असतात, त्यामुळे रोज थोड्या थोड्या कमी होत जातात. अंदाजे महिन्याला निम्म्या होतात असं धरा. जन्मताना १०० असतील तर सहा महिन्यांनी दीड उरतो, नऊ महिन्यांनी ०.२. आता गोवराची लस (आपल्याकडे गोवर आणि रुबेला एकत्र, म्हणून एमआर) ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, तो विषाणू बाळाच्या अंगात थोडासा वाढला तरच शरीराला धडा मिळतो. आईच्या अँटिबॉडीज अजून फिरत असतील तर त्या याला वाढायच्या आधीच पकडतात. म्हणजे सुई टोचली, पोर रडलं, कार्डावर सही झाली आणि आत काहीच घडलं नाही असं होऊ शकतं, आणि वरून ते कळतही नाही.

पेंटाव्हॅलेंटचं तसं नसतं. त्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि न्यूमोनिया-मेंदूज्वर आणणारा हिब जंतू असे पाच घटक आहेत, पण वाढणारं जिवंत काही नाही, मेलेले जंतू किंवा त्यांचे तुकडे नाहीतर निकामी केलेलं विष. आईच्या अँटिबॉडीज इथेही थोडा खोडा घालतात, पण ६, १० आणि १४ आठवडे असे तीन डोस दिले की काम भागतं. शिवाय थांबणं परवडणारं नसतं, डांग्या खोकल्याने सगळ्यात जास्त जीव जातात ते पहिल्या काही महिन्यांतल्या बाळांचे. आणि कावीळ ब ची पहिली लस तर जन्मल्यावर २४ तासांच्या आत देतात, कारण बाळंतपणात आईकडून लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांमध्ये तो विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो, मोठ्या माणसाला लागण झाली तर असं शंभरात पाचपेक्षाही कमी जणांचं होतं. म्हणजे कार्डावरच्या प्रत्येक तारखेमागे दोनच प्रश्न असतात, रोग कधी गाठू शकतो आणि शरीर कधी शिकू शकतं, आणि त्या दोघांची ओढाताण चालू असते.

गोवराच्या बाबतीत ही ओढाताण उघड दिसते. नऊ महिन्यांना लस दिली तर साधारण १०० पैकी ८५ बाळांना लागू पडते, वर्षाला दिली तर ९५ च्या आसपास. मग वर्षापर्यंत का नाही थांबत? अमेरिकेत थांबतात, तिथे पहिला डोस १२ ते १५ महिन्यांना असतो, कारण तिथे बाळाला गोवराची गाठ पडण्याची शक्यता कमी. आपल्याकडे मधल्या तीन महिन्यांत गाठ पडू शकते, म्हणून दहा बाळांमागचं एक सोडून लवकर देणं शहाणपणाचं. (तिकडून बाळाला घेऊन भारतात येणाऱ्यांना म्हणूनच सहा महिन्यांनंतर एक जादा डोस घ्यायला सांगतात, पण तो हिशोबात धरत नाहीत, पुढचे दोन्ही पुन्हा घ्यायचेच.) २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवर पसरला तेव्हाही हेच गणित फिरलं, जिथे लहान बाळांमध्ये केसेस जास्त होत्या तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना आधीच एक डोस द्यायचं ठरलं, त्यालाही बेरजेत जागा नाही.

आता उरलेल्या १५ बाळांचं काय? तर १६ ते २४ महिन्यांचा दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. लोक त्याला सर्रास बूस्टर म्हणतात, पण तो बूस्टर नाही, नापासांची फेरपरीक्षा आहे. त्या १५ पैकी १४ यावेळी पास होतात, फक्त आधीच पास झालेले ८५ कोण हे ओळखायची सोपी सोय नाही म्हणून सगळ्यांनाच बसवतात.

खरा बूस्टर म्हणजे धनुर्वाताचा. तिथे शरीर शिकलेलं असतं पण अँटिबॉडीज वर्षानुवर्षं घटत जातात. तुम्ही म्हणाल, आठवण राहते ना शरीराला? राहते, पण अँटिबॉडीज नव्याने बनवायला काही दिवस लागतात आणि धनुर्वाताचं विष एकदा मज्जातंतूत शिरलं की अँटिबॉडी तिथे पोचत नाही. म्हणून रक्तात आधीपासून साठा हवा. आणि हा रोग मातीतून येतो, माणसाकडून माणसाला नाही, त्यामुळे शेजारच्या शंभर जणांनी लस घेतली तरी तुमच्या पायात घुसलेल्या खिळ्याला त्याचं काही नाही.

इथे वयाचं महत्त्व संपतं आणि शेवटच्या डोसच्या तारखेचं सुरू होतं. लहानपणचे सगळे डोस झालेले असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेला दहा वर्षांच्या आत पुन्हा इंजेक्शन लागत नाही, माती-शेण लागलेल्या किंवा खोल जखमेला ही मर्यादा पाच वर्षं. पण आपल्याकडे ब्लेड लागलं घ्या टीटी, पत्रा लागला घ्या टीटी. आमच्या काकांनी दीड वर्षात तिसऱ्यांदा घेतलं आणि दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजला, त्यांना वाटलं सुई खराब होती. माझ्या मते सुईचा दोष नव्हता, अँटिबॉडीज आधीच भरपूर असताना वर पुन्हा लस आली की दोघांची टोचल्या जागी झटापट होऊन अशी सूज येऊ शकते. आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचाही घटक असतो, पण लहान मुलांच्या लशीपेक्षा बराच कमी, कारण मोठ्यांना पूर्ण मात्रा दिली की हात असाच धरतो.

गरोदर बाईला देतात तीसुद्धा टीडीच. पूर्वी घरी बाळंतपण झालं की नाळ हाताशी असेल त्या ब्लेडने किंवा विळ्याने कापायचे, आणि आठवड्याभरात बाळाचं दूध ओढणं बंद, जबडा घट्ट. इतक्या छोट्या बाळाला लस देऊन शिकवायला वेळच नसतो, म्हणून आईला टोचून तिच्या अँटिबॉडीज वारेतून पाठवायच्या. स्वच्छ बाळंतपणं आणि हे इंजेक्शन यांच्या जोरावर २०१५ साली भारतातला नवजात बाळांचा धनुर्वात जवळपास संपल्याचं जाहीर झालं. बहिणीलाही सातव्या महिन्याच्या आत दोन्ही डोस झाले होते, म्हणजे ज्या उसन्या अँटिबॉडीजमुळे गोवराची लस लांबली, त्याच वाटेने धनुर्वाताचं संरक्षण पोरीला जन्माआधीच मिळालं होतं. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "बरं, पण मग गणपतीला न्यायचं की नाही?" नेलं, फक्त ताप-पुरळ असलेल्या पोरांच्या घरी जायचं टाळलं, आणि एमआर परत आल्यावर नऊ महिने पूर्ण झाल्याच्या आठवड्यात, उजव्या दंडाला.