रोजच्या गोळीनंतर आलेली रिंग आणि पॅच

अमेरिकेत १९६० साली गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली, आणि तिचा कच्चा दुवा लवकरच लक्षात आला: ती रोज आठवणीने घ्यावी लागते. विदर्भातील खेड्यांत आशाताईंकडून मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. संप्रेरकांच्या सलग दोन गोळ्या चुकल्या, विशेषतः नव्या पाकिटाच्या सुरुवातीला, तर बीजांड बाहेर पडण्याचा धोका वाढतो.

सिलिकॉन रबरातून संप्रेरक हळूहळू झिरपू शकते, हे साठच्या दशकात दिसून आले आणि १९७०च्या सुमारास योनीत ठेवायच्या रिंगच्या चाचण्या सुरू झाल्या. प्रत्यक्षात रिंग आणि पॅच या दोघांनाही अमेरिकेत मान्यता मिळाली ती २००१ साली. तेव्हाची रिंग ५४ मिलिमीटर व्यासाची आणि लवचिक असून स्त्री ती स्वतः बसवते व तीन आठवड्यांनी काढते, तर पॅच कातडीवर चिकटवतात आणि दर आठवड्याला बदलतात. चौथा आठवडा दोन्हींत मोकळा असतो आणि त्यात पाळी येते. दोन्हींत गोळीप्रमाणेच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन असते, आणि परिणामही तोच होतो, म्हणजे बीजांड बाहेर पडत नाही.

औषध पोटातून जात नसल्याने उलटी-जुलाबांनी त्याचा परिणाम कमी होत नाही. मात्र रक्ताची गुठळी होण्याचा धोका टळत नाही. उलट पॅचमधून रक्तात जाणारे इस्ट्रोजेन ३५ मायक्रोग्रॅमच्या गोळीपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक भरते. सिकलसेलच्या आजारात गुठळीचा धोका मुळातच जास्त असतो आणि पूर्व विदर्भात त्याचे प्रमाण मोठे आहे, म्हणून तो असल्यास डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे. नेहमीच्या वापरात वर्षभरात शंभरांपैकी सुमारे ७ स्त्रियांना गर्भ राहतो, आणि हा आकडा तिन्ही साधनांसाठी सारखाच धरला जातो. माझ्या मते जाहिरातींनी नेमके हेच झाकले.

यवतमाळकडची कापूस वेचणारी एखादी बाई आठवडी बाजाराच्या दिवशी पॅच बदलते, असे समजू. तेल किंवा पावडर लागलेल्या कातडीवर तो नीट चिकटत नाही. वेचणीत तो सुटला आणि २४ तासांच्या आत लक्षात आले, तर तोच चिकटवावा, आणि चिकटत नसेल तर नवा लावावा. त्याहून उशीर झाला, किंवा केव्हा सुटला हेच कळत नसेल, तर नव्या पॅचने नवे चक्र सुरू करून सात दिवस निरोध वापरावा लागतो. रिंगसाठी ही मर्यादा तीन तासांची आहे.

खरी अडचण साठवणुकीची आहे. ही रिंग दुकानात २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि घरी आणल्यावर साधारण २५ अंशांत चार महिने टिकते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपूरकडच्या घरात तेवढा थंडावा फ्रीजशिवाय मिळत नाही. सरकारी केंद्रांतून मोफत मिळणाऱ्या साधनांत रिंग व पॅच नाहीत. तिथे रोजची गोळी नको असेल तर आठवड्याची छाया गोळी किंवा तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन मिळते, आणि या दोन्हींत इस्ट्रोजेन नसते.