पत्रिकेचा मजकूर फोनवर तुटका दिसतोय? खोडायच्या आधी हे वाचा

लग्नसराई लागली की आमच्या छापखान्यात दिवसाला दोन-तीन फोन ठरलेले असतात. "अहो, तुम्ही पाठवलेल्या मजकुरात मधेच चौकोन आलेत." "आमच्या पत्रिकेत 'लग्‌न' असं पाय मोडून का लिहिलंय?" प्रत्येकाला फोनवर समजावता समजावता मशीन थांबतं, म्हणून हा कागद छापला. पत्रिकेच्या पहिल्या प्रूफसोबत तो तुम्हाला मिळेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. असं दिसलं की बहुतेक वेळा मजकूर ठीक असतो, चूक फोनच्या दाखवण्यात असते. आणि जे दिसतंय ते "दुरुस्त" करायला गेलात, की चांगला मजकूर खरोखर बिघडतो.

खिळ्यांच्या छपाईत 'क्ष'चा एक स्वतंत्र खिळा असायचा. खिळे जुळवणारा जुळारी तो केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतून, उचलायचा आणि बसवायचा. फोनमध्ये तसा एक 'क्ष' साठवलेला नसतो. तिथे क, मग पाय मोडण्याची खूण, मग ष अशा तीन गोष्टी एकापुढे एक ठेवलेल्या असतात. 'स्त्री' तर सहांची रांग आहे: स, पाय मोडायची खूण, त, पुन्हा खूण, र आणि वेलांटी. ही रांग वाचून तिथे कोणता जोड बसतो हे फोनमधला प्रोग्राम ठरवतो आणि त्या जोडाचं चित्र फॉन्टमधून काढतो. थोडक्यात, जुळारी आता फोनच्या आत बसलाय. तो अडाणी असेल किंवा त्याच्या केसमध्ये खिळाच नसेल, तर पडद्यावर गडबड दिसते. रांग मात्र जशीच्या तशी शाबूत असते. तोच निरोप दुसऱ्याच्या नव्या फोनवर पाठवून बघा, 'लग्न' सरळ दिसेल.

हे समजून न घेतल्यामुळे काय होतं, त्याचा आमच्याच दुकानातला किस्सा सांगतो. मागच्या हंगामात एका वरपित्यांची साडेतीनशे पत्रिकांची ऑर्डर होती. कार्यालय कऱ्हाडला. आमच्या ऑपरेटरने मजकूर टाइप करून त्यांना निरोपात पाठवला. 'कऱ्हाड'मधला तो अर्धा र, जो आडव्या मिशीसारखा दिसतो, दोन प्रकारे टाइप होतो. एक तर खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. नाहीतर साधा र, पाय मोडायची खूण आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला संगणकवाले झेडडब्ल्यूजे म्हणतात. आमच्या माणसाने दुसरी पद्धत वापरली होती.

वरपित्यांचा फोन जुना. त्यातल्या फॉन्टला ते अदृश्य चिन्ह माहीत नव्हतं, म्हणून त्यांना 'कर्‌□हाड' असं दिसलं. त्यांनी चौकोन खोडला. उरलं 'कर्‌हाड', पाय मोडलेला र आणि शेजारी ह. त्यांच्या फोनवर सगळीच जोडाक्षरं अशी सुटी दिसत असल्यामुळे त्यात वावगं काही वाटलं नाही. मग मजकुरात चारच्या जागी पाच वाजताची वेळ घातली, दोन नावं वाढवली आणि "हा फायनल" म्हणून सगळं परत पाठवलं. ऑपरेटरने तो मजकूर उचलून पानात टाकला, नवी नावं तेवढी तपासली, आणि पत्रिका छापून आल्या त्या 'कर्हाड' अशा. ह वर रफार! 'येणाऱ्या पाहुण्यांनी'चंही 'येणार्या' झालेलं. चौकोन खोडताना त्यांनी रफार आणि मिशी यांत फरक करणारी खूणच काढून टाकली होती. "मी पाठवलं तेव्हा बरोबर होतं," असं ते म्हणाले, आणि त्यांच्या पडद्यापुरतं ते खरंच होतं. पत्रिका पुन्हा छापल्या, खर्च अर्धा-अर्धा वाटून घेतला. पण चार दिवस गेले ते गेलेच.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. आमच्याकडे आता टिंबवाला ऱ वापरूनच टाइप करतात. आणि आम्ही पाठवलेला मजकूर ग्राहकाने फोनवर बदलून परत पाठवला तर तो आम्ही घेत नाही. काय बदलायचं ते वेगळ्या निरोपात लिहा: "तिसरी ओळ, चारच्या जागी पाच." किंवा बोलून ध्वनिसंदेश पाठवा. यावर काही जण नाराज होतात. पण आमच्या हातचं बरोबर टाइप केलेलं पान तुमच्या फोनमधून जाऊन आलं, की पुन्हा अक्षर अन् अक्षर तपासावं लागतं.

आता तुमच्या फोनला नेमकं काय झालंय ते ओळखायचं कसं? आमच्या धंद्यातलाच शब्द घ्या: पत्रिका. यात 'त्र' हे जोडाक्षर आहे आणि त्यावर पहिली वेलांटी. ती वेलांटी उच्चारात र नंतर येते, पण कागदावर 'त्र'च्या आधी काढली जाते. तुमच्या फोनवर वेलांटी र च्या मागे, म्हणजे उजवीकडे, लटकत असेल आणि त चा पाय मोडलेला दिसत असेल, तर फोनच्या जुळाऱ्याला देवनागरी जमतच नाही. हा जुन्या फोनचा दोष. वेलांटी जागेवर आहे पण ठरावीक जोडच फुटतायत किंवा अक्षरं एकमेकांवर चढतायत, तर संशय फॉन्टवर घ्या. बाकी सगळा शब्द ठीक आणि एखाद्याच जागी चौकोन, तर तेवढं एक अक्षर फॉन्टमध्ये नाही. हे बहुधा नंतर आलेल्या चिन्हांचं होतं. ₹ हे चिन्ह सरकारने जुलै 2010 मध्ये स्वीकारलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडणार कसं? 'ॲड.' किंवा 'ॲपल'मधला ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांच्या सामाईक अक्षरयादीत, 2008 ला आला, त्याचंही तेच.

आणखी दोन प्रकार दिसतात, पण त्यांत फोनचा दोष नाही. अक्षराऐवजी टिंबांचं गोल वर्तुळ आणि त्याला चिकटलेली वेलांटी दिसली, तर टाइप करणाऱ्याने वेलांटी अक्षराच्या आधी मारली आहे. टाइपरायटर शिकलेल्या मंडळींची ही सवय. तेवढं अक्षर खोडून पुन्हा, आधी व्यंजन मग वेलांटी असं टाइप करा. आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत असेल, म्हणजे 'मराठी'च्या जागी `ejkBh` वगैरे, तर तो मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्याला फोनवर इलाज नाही. ती फाइल आम्हाला तशीच पाठवा, युनिकोडमध्ये बदलून देऊ.

फोनवर करण्यासारखे उपाय मोजकेच आहेत. पहिला सगळ्यात सोपा आणि तोच लोक विसरतात. फोनला शोभेचा फॉन्ट लावला असेल, किंवा थीमसोबत आपोआप आला असेल, तर Settings मध्ये Display आणि त्यात Font असं शोधा आणि Default निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हे Themes खाली असतं. नागमोडी अक्षरांच्या हौशी फॉन्टमध्ये देवनागरीचे सगळे जोड बसवलेले असतीलच असं नाही. नव्याकोऱ्या फोनवर जोडाक्षरं तुटतात तेव्हा आधी इथेच बघा. आमच्याकडे एकदा एक कॉलेजचा मुलगा आईचा फोन "खराब झालाय" म्हणून घेऊन आला होता. थीम बदलली आणि फोन "बरा" झाला.

दुसरा उपाय सिस्टिम अपडेटचा. देवनागरीचा फॉन्ट आणि जुळारी दोन्ही अँड्रॉइडसोबत येतात, त्यामुळे नुसतं एखादं ॲप अपडेट करून सहसा फरक पडत नाही. Settings मध्ये About phone किंवा System खाली Software update बघा. अँड्रॉइडमध्ये देवनागरी 4.0 पासून, म्हणजे 2011 च्या अखेरीपासून आली. त्याआधी एखाद्या कंपनीने आपणहून घातली असेल तरच. मेनूच्या भाषांमध्ये मराठी आली ती 5.0 मध्ये, 2014 ला. म्हणून About phone मध्ये आधी आकडा बघा. 4 च्या खाली असेल आणि पुढचं अपडेट येत नसेल, तर त्या फोनवर आणखी वेळ घालवू नका.

दोन गोष्टी मात्र करू नका. फोन रीसेट करून हे सुटत नाही. फॉन्ट सिस्टिमच्या भागात असतो, रीसेटने तो बदलत नाही, पुसले जातात ते तुमचे फोटो. आणि "मराठी फॉन्ट" म्हणून इंटरनेटवर मिळणारी फाइल टाकून सिस्टिमचा फॉन्ट सहसा बदलत नाही. त्यासाठी फोन रूट करावा लागतो, म्हणजे कंपनीने सिस्टिमला घातलेलं कुलूप तोडावं लागतं, आणि लग्नाच्या गडबडीत ते उद्योग कोणी करू नयेत. कीपॅडच्या फोनला तर फॉन्ट बदलायची सोयच नसते. आजोबांना आमंत्रण पाठवायचं असेल तर सरळ फोन करा, किंवा पत्रिका हातात द्या.

या सगळ्यावर आमचा उपाय म्हणजे आता प्रूफ निरोपात न पाठवता पीडीएफमध्ये देतो. पीडीएफमध्ये आमचा फॉन्ट आतच बसवलेला असतो, त्यामुळे तुमच्या फोनच्या जुळाऱ्याकडे काही काम उरत नाही. अक्षर छापून येणार तसंच दिसतं. ती फाइल पुढे पाठवताना Document म्हणून पाठवा. तिचा स्क्रीनशॉट काढून फोटो म्हणून पाठवलात तर तो आक्रसतो आणि बारीक अनुस्वार गायब होतात. मग "तुम्ही अनुस्वार दिला नाही" असा फोन येतो! पीडीएफमधून मजकूर कॉपीही करू नका, जोडाक्षरं उलटसुलट होऊन येतात. नातेवाइकांना पाठवायला वेगळा मजकूर हवा असेल तर मागा, ऑर्डरसोबत मोफत देतो.

छपाईआधी कागदावरच्या प्रूफवर सही घेतो, त्याचाही अनेकांना राग येतो. "विश्वास नाही का?" विश्वास आहे, पण पडद्यावर नाही. बाहेरगावचे ग्राहक असतील तर पीडीएफ चालते, फक्त ती दोन वेगळ्या फोनांवर उघडून बघा आणि नावं, गावं, तारीख, वेळ मोठ्याने वाचून घ्या.

अजूनही चौकोन दिसत असेल तर काही न खोडता फोन घेऊन दुकानात या. फॉन्ट कुठे बिघडलाय ते दोन मिनिटांत बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही. येताना चार्जर आणा. जुना फोन असला की निम्म्या वेळा बॅटरी संपलेलीच असते.