दमट हवेत धावताना साधं पाणी पुरतं का?

"दमट उकाड्यात धावताना नुसतं पाणी पिऊ नका, अंगातलं मीठ संपतं. स्पोर्ट्स ड्रिंकच घ्या."

घामातून मीठ जातं हे खरंच आहे, प्रश्न किती जातं याचा आहे. ते घरच्या वजनकाट्यावर तपासता येतं. धावण्याआधी आणि नंतर घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा 45 मिनिटांत वजन 62.0 वरून 61.4 किलो झालं आणि मध्ये 200 मिली पाणी प्यायलात, तर घाम गेला सुमारे 800 मिली. त्यात साधारण 2 ग्रॅम मीठ असतं (माणसागणिक बरंच कमीजास्त). अर्धा लिटर स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम. म्हणजे खरी भरपाई पुढच्या जेवणातूनच होते, आणि तोवर तहानेपुरतं पाणी पुरतं.

तासाभरापेक्षा बरंच जास्त धावणार असाल तर या पेयातली साखर उपयोगी पडते.

धावून वजन वाढलं असेल, तर मात्र जास्त प्यायलं गेलंय. अशाने रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण येतं, आणि स्पोर्ट्स ड्रिंकही ते टाळत नाही, कारण त्यात सोडियम रक्तापेक्षा खूपच कमी असतं. गोंधळलेपण दिसलं तर आणखी काही न पाजता तातडीने डॉक्टरांकडे न्या.