पॉवर बीआयच्या गेटवेसाठी अर्ज: कोणी करायचा, सोबत काय जोडायचं

बुटीबोरीच्या कारखान्यात आयटी सांभाळतो, त्यामुळे हा मेल मला पाठ झालाय: "डॅशबोर्ड माझ्या लॅपटॉपवर नीट चालतो, क्लाउडवर टाकला की रिफ्रेश होत नाही. कृपया फायरवॉल उघडून द्या." फायरवॉल कोणी उघडून देत नाही, देऊही नये. अर्ज करायचा तो गेटवेवर जोडणी मिळण्यासाठी.

आपल्या डेटाबेसचा पत्ता समजा `192.168.10.25` आहे. असे पत्ते ऑफिसच्या आतच चालतात. हिंगण्याच्या दुसऱ्या एखाद्या कंपनीतही हाच पत्ता असू शकतो. लॅपटॉप आतल्या नेटवर्कवर असतो, म्हणून त्याला डेटाबेस सापडतो. क्लाउडला सापडायचा मार्गच नाही. गेटवे ही आतल्या विंडोज मशीनवर बसवलेली सेवा. ती आतून बाहेर क्लाउडशी जोडणी करते आणि ती धरून ठेवते. क्लाउडची विचारणा त्याच जोडणीतून येते, गेटवे डेटाबेसकडून उत्तर घेतो आणि परत पाठवतो. बाहेरून आत येणारा एकही पोर्ट उघडावा लागत नाही. बाहेर जाणारा ४४३ मोकळा हवा, एवढंच.

अर्ज कोणी करायचा

ज्याच्या नावावर रिपोर्ट आहे त्यानेच, विभागप्रमुखांच्या मंजुरीसह. खातं ऑफिसचं लागतं, जीमेल चालत नाही. डेटाबेस आधीच क्लाउडवर असेल आणि तिथून थेट पोचता येत असेल, तर अर्जाची गरज नाही. "मी माझ्याच लॅपटॉपवर पर्सनल मोडचा गेटवे टाकतो" असं बरेच जण म्हणतात. तो एकट्यापुरता असतो, इतरांना वापरायला देता येत नाही आणि लॅपटॉप बंद केला की रिफ्रेशही बंद. आम्ही तो मंजूर करत नाही.

सोबत काय जोडायचं

डेटाबेस ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची मेलवरची संमती, आणि त्यांनी काढून दिलेलं फक्त वाचण्याच्या अधिकाराचं लॉगिन. स्वतःचा किंवा `sa` या सर्वाधिकारी लॉगिनचा पासवर्ड अर्जात लिहून पाठवू नका, राजेहो. असे अर्ज आले आहेत. रिफ्रेशच्या वेळाही लिहा. प्रो परवान्यावर दिवसातून ८ वेळाच रिफ्रेश ठरवता येतो, त्यामुळे "दर अर्ध्या तासाला" अशी मागणी परत येते.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते सर्व्हरच्या नावावर. मागे डिस्पॅच विभागाचं असंच झालं. अर्जात त्यांनी सर्व्हर `PRDSQL01`, डेटाबेस `Dispatch` असं लिहिलं, आम्ही गेटवेवर तशी जोडणी केली. चाचणी पास, गेटवे ऑनलाइन. तरी रिपोर्टच्या सेटिंगमध्ये त्या गेटवेला रिपोर्टचा स्रोत जुळेना. दोन दिवस दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. शेवटी मी त्यांची मूळ फाइल उघडली, तर क्वेरीच्या सुरुवातीलाच हे होतं:

```
Source = Sql.Database("192.168.10.25", "Dispatch")
```

मशीन तेच, पण पॉवर बीआय पत्ता आणि नाव एक धरत नाही. फाइलमधलं नाव आणि गेटवेवरचं नाव अक्षरशः जुळावं लागतं. फाइलमध्ये आयपीच्या जागी `PRDSQL01` टाकलं, पुन्हा पब्लिश केलं आणि पाच मिनिटांत रिफ्रेश झाला. म्हणून आता अर्जासोबत या ओळीचा स्क्रीनशॉट मागतो. पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये क्वेरी उघडून 'Advanced Editor' मध्ये ती दिसते.

अर्ज आल्यावर आम्ही काय करतो

गेटवेच्या मशीनवरून आधी डेटाबेस दिसतो का ते बघतो:

```
Test-NetConnection PRDSQL01 -Port 1433
```

`TcpTestSucceeded : False` आलं तर अडचण आतल्याच नेटवर्कमध्ये आहे, क्लाउडला दोष देण्यात अर्थ नाही. `True` आलं आणि तरीही जोडणीत `DM_GWPipeline_Gateway_DataSourceAccessError` ही चूक दिसली, तर बहुतेक वेळा लॉगिनचा घोळ असतो: पासवर्ड बदललेला किंवा त्या डेटाबेसवर अधिकारच दिलेला नसतो. मग अर्ज डेटाबेसवाल्यांकडे जातो. सगळं जमलं की अर्जदाराचं नाव त्या जोडणीच्या वापरकर्त्यांत घालतो. हे राहून गेलं तर गेटवे चालू असूनही त्याला जोडणी दिसत नाही.

रिफ्रेश सलग चार वेळा फसला तर पॉवर बीआय ठरवलेलं वेळापत्रक आपणच बंद करतं. मे महिन्यात सर्व्हर रूमचा एसी बंद पडला आणि आम्ही मशीन दोन दिवस बंद ठेवलं, तेव्हा नेमकं हेच झालं. मशीन सुरू झालं, गेटवे ऑनलाइन आला, पण आकडे जुनेच. अशा वेळी नवा अर्ज नको. आपल्या रिपोर्टच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळापत्रक पुन्हा चालू करा.