पावडरच्या थरांविषयी एक खुलासा

“चेहरा चमकू लागला की वरून पावडर लावत राहायचं, जितकी जास्त पावडर, तितका मेकअप टिकतो ना?”

नाही. पावडर तेल शोषते, पण ते चेहऱ्यावरून काढत नाही. तेल आणि घामाने भिजलेल्या थरावर नवा थर बसला की त्याचा लगदा होतो आणि नाकाच्या कडेला फाउंडेशनच्या गुठळ्या दिसू लागतात. भाद्रपदात बडोद्याच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे हे अधिकच जाणवते.

मागच्या गणपतीत आरतीपूर्वी भाचीच्या कपाळ, नाक आणि हनुवटीवरच मटारच्या दाण्याएवढा मॅट प्रायमर लावला, काही मिनिटे थांबून फाउंडेशनचा पातळ हात दिला आणि पफने पावडर न घासता दाबून बसवली. दोन तासांनी चमक आली, तेव्हा आधी ब्लॉटिंग पेपर काही क्षण दाबून उचलला. कागद तेलाने पारदर्शक झाला, आणि त्यानंतर चिमूटभर पावडर पुरली. घामाचे थेंब असतील तर आधी साधा टिश्यू टेकवावा. प्रायमर मेकअपची पकड वाढवतो, तैलग्रंथी थांबवत नाही. म्हणून हे टिपणे पुन्हा करावेच लागते.