पौर्णिमेची तारीख: फुल मून आणि तिथी यांत फरक का पडतो

२०२५ सालची कोजागरी. आमच्याकडे सोमवारी, ६ ऑक्टोबरला दूध आटवायचं ठरलं होतं आणि न्यू जर्सीहून मामेबहिणीचा फोन आला, "अगं, मी चंद्राच्या वेळा देणाऱ्या साइटवर पुणे टाकून बघितलं, फुल मून ७ तारखेला दाखवतंय. दिनदर्शिका चुकली का?" दिनदर्शिका चुकली नव्हती, साइटही नाही. दोघी वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होत्या.

साइट ज्याला फुल मून म्हणते तो एक क्षण असतो. पृथ्वीवरून पाहताना सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बरोबर १८० अंश होतं, तो क्षण. त्या महिन्यात तो पुण्याच्या घड्याळात ७ ऑक्टोबरच्या सकाळी ९ वाजून १८ मिनिटांच्या आसपास होता. चंद्र तेव्हा आपल्याकडे मावळलेला होता, पण क्षणाला त्याचं काही नाही. तो सगळ्या जगाला एकच असतो. शहर बदललं की फक्त घड्याळ बदलतं. हाच क्षण न्यूयॉर्कला ६ ऑक्टोबरच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास होता, म्हणून तिथे तारीखही ६ दिसते.

तिथी हा क्षण नाही, कालावधी आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. पौर्णिमा म्हणजे १६८ अंशांपासून १८० अंशांपर्यंतचा प्रवास. म्हणजे फुल मूनचा क्षण पौर्णिमेच्या मध्यावर नसतो, तो पौर्णिमेचा शेवट असतो! सगळा घोळ इथेच होतो. अमावास्येचंही तसंच, न्यू मूनला अमावास्या संपते.

त्या कोजागरीला पौर्णिमा ६ ऑक्टोबरला दुपारी १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास लागली आणि ७ ला सकाळी सव्वानऊनंतर संपली, जेमतेम २१ तासांत. चंद्र तेव्हा पृथ्वीच्या जवळ होता, त्यामुळे वेगात होता. दूर असतो तेव्हा हीच तिथी २६ तासांपर्यंत लांबते. कोजागरीला पौर्णिमा मध्यरात्री असावी लागते. ती ६ आणि ७ च्या मधल्या रात्री होती, म्हणून दूध ६ ला. सूर्योदयाच्या वेळची तिथी पाहिली तर मात्र पौर्णिमा ७ तारखेची, कारण ६ ला सूर्योदयाला अजून चतुर्दशीच होती. थोडक्यात, पंचांगातली ७ तारखेची पौर्णिमा आणि ६ ची कोजागरी दोन्ही बरोबर.

न्यू जर्सीत गंमत आणखी वाढते. तिथे पौर्णिमा ६ ला पहाटे तीनच्या आत लागून रात्री पावणेबाराला संपली. मध्यरात्र एकाही दिवशी तिच्यात आली नाही! मग ६ ची संध्याकाळ पौर्णिमेची, हाच आधार उरला. चंद्राकडे बघून काहीच कळलं नसतं म्हणा. क्षणाच्या नऊ-दहा तास आधीचा आणि नंतरचा चंद्र डोळ्यांना सारखाच पूर्ण दिसतो.

शहराचा खरा फरक पडतो तो सूर्योदय-सूर्यास्तामुळे. २०२४ च्या दिवाळीत अमावास्या भारतभर १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहापर्यंत होती. मुंबईत सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर, म्हणजे लक्ष्मीपूजनाला हवी असते ती सूर्यास्तानंतरच्या प्रदोषकाळातली अमावास्या काही मिनिटांचीच. आदल्या दिवशीच्या, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीही अमावास्या होतीच. महाराष्ट्रात बहुतेकांनी लक्ष्मीपूजन १ ला केलं, उत्तरेकडे अनेकांनी ३१ ला. न्यूयॉर्कला मात्र अमावास्या १ तारखेला सकाळी पावणेनऊलाच आटोपली होती, त्यामुळे तिथे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळशिवाय पर्याय नव्हता. इथली दिनदर्शिका तिथे भिंतीला लावून सण करणाऱ्यांची अशीच फसगत होते.

आता पडताळा कसा घ्यायचा? साइटवरची फुल मूनची वेळ आणि पंचांगातली पौर्णिमा समाप्तीची वेळ शेजारी ठेवा. शहर एकच असेल तर त्या एक-दोन मिनिटांच्या फरकाने जुळायला हव्यात. बरोबर साडेपाच तासांचा फरक आला तर साइट UTC म्हणजे जागतिक प्रमाणवेळ दाखवते आहे. त्यात साडेपाच तास मिळवा, आणि त्यामुळे मध्यरात्र ओलांडली तर तारीखही पुढची घ्या. फरक तासा-दोन तासांचा आणि वेडावाकडा असेल, तर पंचांग बहुधा सूर्यसिद्धांताच्या जुन्या गणितावर आहे, प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या दृक्‌गणितावर नाही. अशा वेळी घरात जे पंचांग चालतं त्याच्याच वेळा धराव्यात. दोन पंचांगांतली सोयीची वेळ उचलणं मला पटत नाही.

मामेबहिणीला मी एवढंच सांगितलं, "तुझ्या गावचं नाव टाकून तिथी कधी संपते ते बघ, फुल मून नको." तिने त्याच संध्याकाळी दूध आटवलं.