किडनीवरची साधी सिस्ट

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अवचित दिसणारी, पातळ आवरणाची व पाण्यासारख्या द्रवाने भरलेली पिशवी. वय वाढेल तसे हिचे प्रमाण वाढते, पन्नाशीनंतर तर ती सर्रास आढळते. बहुतेकांना तिचा काहीही त्रास नसतो.

डिचोलीतल्या 58 वर्षांच्या एखाद्या गृहिणीचे उदाहरण घेऊ. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखते म्हणून सोनोग्राफी होते. रिपोर्टात पित्ताशयात खडे आणि डाव्या किडनीवर 18 मिलिमीटरची ‘सिंपल कॉर्टिकल सिस्ट’ अशा दोन नोंदी येतात. दुखणे खड्यांचे असते, पण घरात चर्चा होते ती ‘आईच्या किडनीत गाठ सापडली’ याचीच. खडे बाजूला राहतात आणि कोणी तरी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्यायला सांगते.

सोनोग्राफीत साधी सिस्ट तीन खुणांवरून ओळखतात. तिचा आतला भाग एकसारखा काळा दिसतो, कडा पातळ व गुळगुळीत असते, आणि द्रवातून ध्वनिलहरी फारशा क्षीण न होता पार जात असल्याने तिच्या मागचा भाग जास्त उजळ दिसतो. तिन्ही खुणा स्पष्ट असतील तर निदान तिथेच पुरे होते. सीटी स्कॅनची गरज नसते. अमेरिकी रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बॉसनियाक यांनी 1986 मध्ये मांडलेल्या वर्गवारीत अशी सिस्ट पहिल्या वर्गात मोडते आणि तिच्यासाठी फेरतपासणी सांगितलेली नाही.

तरीही धास्तीपोटी सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी होते आणि खरा घोळ इथेच सुरू होतो. या वेळी मशीन दुसरे, डॉक्टर दुसरे. माप येते 21 मिलिमीटर. ‘वाढली!’ प्रोब किती तिरका धरला, श्वास कितपत रोखला, यावरही माप दोन-तीन मिलिमीटरने बदलते. शिवाय साधी सिस्ट वर्षानुवर्षे सावकाश वाढतही असते. नुसत्या वाढीने ती कर्करोगाची ठरत नाही. रिपोर्टात दिसेल ते लिहिणे रेडिओलॉजिस्टला भागच असते. ‘हे निरुपद्रवी आहे’ असे एक वाक्य जोडले, तर निम्मी धावपळ वाचेल.

लक्ष द्यायचे ते आकारापेक्षा रूपाकडे. कडा जाड किंवा खडबडीत, आत जाड पडदे, किंवा रक्तपुरवठा असलेला घट्ट भाग दिसला, तर ती ‘साधी’ राहत नाही आणि कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय करणे योग्यच. दोन्ही किडन्या मोठ्या होऊन सिस्टनी भरलेल्या असतील, घरात आई-वडिलांना तोच आजार असेल, तर तो पॉलिसिस्टिक किडनीचा आनुवंशिक विकार असू शकतो. त्याचा मार्ग वेगळा. साधी सिस्टही क्वचित फार मोठी होऊन दुखते, लघवीची वाट दाबते किंवा तिच्यात जंतुसंसर्ग होतो. नुसता द्रव सुईने काढला तर ती पुष्कळदा पुन्हा भरते, म्हणून काढल्यानंतर आत आवरण सुकवणारे औषध सोडतात.